चित्र 16 रंगांत आणताना लाल पक्षी तपकिरी का होतो? या चुका टाळा

640 × 480 चं चित्र घेऊ. निळं आकाश, हिरवा-तपकिरी झाडोरा आणि फांदीवर बसलेला एक लाल पक्षी. ते 16 रंगांच्या पॅलेटमध्ये उतरवलं की आकाशाला निळ्याच्या चार-पाच छटा मिळतात, झाडोराही नीट दिसतो, पण पक्षी फांदीच्याच रंगाचा होऊन जातो. पाहणाऱ्याची नजर आधी जिथे जाते, नेमका तोच रंग गेलेला असतो. प्रोग्राममध्ये बिघाड नाही. त्याला जे मोजायला सांगितलं, ते त्याने बरोबर मोजलेलं आहे.

चूक पहिली: रंग निवडायचं काम पिक्सेलच्या संख्येवर सोडणं

बऱ्याच साधनांमध्ये मीडियन कट ही पद्धत असते. पॉल हेकबर्ट यांनी ती 1982 मध्ये मांडली. सगळे पिक्सेल लाल-हिरवा-निळा या तीन अक्षांच्या एका पेटीत आहेत असं धरायचं, जिथे पसारा सर्वांत जास्त त्या अक्षावर पेटी अशी कापायची की दोन्ही बाजूंना साधारण सारखे पिक्सेल येतील, मग सर्वांत भरलेली पेटी पुन्हा कापायची, आणि 16 पेट्या होईपर्यंत हे चालू ठेवायचं. शेवटी प्रत्येक पेटीची सरासरी म्हणजे पॅलेटमधला एक रंग.

आता हिशेब करू. चित्रात 3,07,200 पिक्सेल आहेत, म्हणजे प्रत्येक पेटीत साधारण 19,200. पक्ष्याचे पिक्सेल 900 धरले तर त्याला स्वतंत्र पेटी मिळणं जवळपास अशक्य. त्याच्या पेटीत फांदीचे 18,300 पिक्सेल शिरणारच. फांदीचा रंग (120, 80, 50) आणि पक्ष्याचा (200, 30, 40) असेल, तर सरासरी येते (124, 78, 50). फांदी जराशी लालसर होते, पक्षी मात्र पूर्ण तपकिरी.

«मग के-मीन्स वापरू» हा नेहमीचा उपाय. तो अर्धाच खरा आहे. या पद्धतीत 16 रंग केंद्रं म्हणून घेतात, प्रत्येक पिक्सेल जवळच्या केंद्राला जोडतात आणि केंद्र आपल्या पिक्सेलच्या सरासरीकडे सरकवत राहतात. के-मीन्स पिक्सेलचा रंग आणि केंद्राचा रंग यांच्यातल्या अंतराचा वर्ग ही चूक धरतो, त्यामुळे दूरच्या रंगाला तिथे जास्त वजन मिळतं. वरच्या उदाहरणात लाल आणि तपकिरी यांच्यातल्या अंतराचा वर्ग 9,000 आहे. 900 पिक्सेलसाठी एकूण चूक 81 लाख होते, आणि ती टाळण्यासाठी आकाशाची एखादी छटा सोडणं परवडू शकतं. पण सुरुवातीची 16 केंद्रं चित्रातून यादृच्छिक उचलली, तर त्यांतलं एकही पक्ष्यावर न पडण्याची शक्यता सुमारे 95 टक्के असते. आणि केंद्र एकदा तिथे पडलं नाही की पुढच्या फेऱ्यांत ते सरकत तिथवर पोचेलच असं नाही. के-मीन्स++ दूरचे रंग मुद्दाम उचलतो म्हणून ही अडचण कमी होते. तरीही पक्ष्याच्या डोळ्यासारखी 40 पिक्सेलची गोष्ट तोही सोडून देऊ शकतो. डोळा महत्त्वाचा आहे हे कुठल्याच सूत्राला माहीत नसतं. ते माणसालाच सांगावं लागतं.

सांगायची सोपी रीत अशी: पॅलेट मूळ चित्रावरून काढायचंच नाही. शेजारी पक्ष्याचा तुकडा मोठा करून चिकटवायचा, त्या नमुन्यावरून पॅलेट काढायचं आणि मग ते मूळ चित्राला लावायचं.

```python
from PIL import Image
im = Image.open("pakshi.png").convert("RGB")
t = im.crop((300, 200, 330, 230))
t = t.resize((120, 480), Image.NEAREST)
namuna = Image.new("RGB", (760, 480))
namuna.paste(im, (0, 0))
namuna.paste(t, (640, 0))
pal = namuna.quantize(16, Image.Quantize.MEDIANCUT, kmeans=1)
out = im.quantize(palette=pal, dither=Image.Dither.NONE)
out.save("pakshi16.png")
```

30 × 30 चा तुकडा 120 × 480 केल्यावर त्याचे 57,600 पिक्सेल होतात. तुकडा ओढला-ताणला गेला तरी बिघडत नाही, कारण इथे फक्त रंग मोजले जातात. नमुन्यात लालाचा वाटा आता सुमारे 16 टक्के आहे, म्हणजे दोन-तीन रंग त्याच्याकडे येतात: एक उजेडातला लाल, एक सावलीतला. त्यांतला एखादा लाल आणि तपकिरी यांच्यामधला गढूळ निघाला, तर पट्टीची रुंदी 120 वरून थोडी कमी-जास्त करून पाहा. पेटीची चीर दुसरीकडे पडते.

यात दोन ठिकाणी हमखास पाय घसरतो. NEAREST ऐवजी गुळगुळीत करणारी पद्धत निवडली, तर चित्रात नसलेले मधले रंग तयार होऊन मतदानाला बसतात. आणि तुकड्याने कॅनव्हास पूर्ण भरला नाही, तर उरलेली काळी जागाही मोजली जाऊन पॅलेटमधली जागा खाते.

चूक दुसरी: डिदरिंग हरवलेला रंग परत आणेल असं समजणं

फ्लॉइड-स्टाइनबर्ग या डिदरिंगच्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलवर राहिलेली चूक शेजाऱ्यांना वाटली जाते: उजवीकडे 7/16, खाली-डावीकडे 3/16, खाली 5/16 आणि खाली-उजवीकडे 1/16. पॅलेटमधले रंग ठिपक्यांनी मिसळून त्यांच्या मधले रंग भासवता येतात. पण फक्त मधलेच. पॅलेटमध्ये लालच नसेल, तर तपकिरी, हिरवा आणि निळा कितीही मिसळले तरी लाल होणार नाही. उलट न फिटलेली चूक साचत जाते आणि पक्ष्याच्या उजवीकडे, खाली भलत्याच रंगाचे ठिपके ओघळताना दिसतात. असे ओघळ दिसले की डिदरिंगची सेटिंग बदलत बसू नका, पॅलेट उघडून बघा.

यावरूनच कोणते रंग जगवायचे तेही ठरतं. डिदरिंग करणार असाल तर टोकाचे रंग जपा: सर्वांत गडद, सर्वांत उजळ, सर्वांत भडक. मधल्या छटा ठिपके भरून काढतील. डिदरिंग नको असेल तर आकाशासारख्या सलग उतारांना जास्त छटा द्याव्या लागतात, नाहीतर पट्टे दिसतात.

चूक तिसरी: पेटीची सरासरी जशीच्या तशी स्वीकारणं

सरासरी नेहमी आतल्या बाजूला ओढते. म्हणून पॅलेटमधला पांढरा (238, 236, 231) असा निघतो, काळा करडा दिसतो आणि सगळं चित्र किंचित धुळकट वाटतं. उपाय हाताने करायचा आहे: सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद नोंद मूळ चित्रातल्या खऱ्या टोकाच्या पिक्सेलच्या रंगाने बदला. ठरलेला रंग असलेलं चिन्ह चित्रात असेल तर त्याचा अचूक आकडाही असाच बसवा. मात्र नोंद बदलल्यावर मूळ चित्र नव्या पॅलेटवर पुन्हा उतरवा. नुसती नोंद बदलली तर जुन्या पेटीतले सगळेच पिक्सेल, म्हणजे त्यांतले करडेसुद्धा, पांढरे होतील.

तपासायचं कसं

पॅलेटमधले 16 रंग मोठ्या चौकोनांत शेजारी मांडा. दोन चौकोन डोळ्यांना वेगळे ओळखता येत नसतील, तर ती एक जागा मोकळी करण्यासारखी आहे. मग `out.getcolors()` चालवा. प्रत्येक रंगाचे पिक्सेल किती ते कळतं, आणि 16 पेक्षा जास्त ओळी आल्या तर पॅलेटमध्ये नको ती भर पडली आहे हेही लक्षात येतं. मोजणी कमी दिसली म्हणून रंग काढून टाकू नका. 40 पिक्सेलचा रंग डोळ्याचाही असू शकतो. तो कुठे वापरला गेलाय ते चित्रात पाहूनच ठरवा.

आकार बदलायचा असेल तर तो क्वांटायझेशनच्या आधी बदला. नंतर गुळगुळीत पद्धतीने लहान केलं तर कडांवर शेकडो नवे रंग येतात आणि सगळं पुन्हा करावं लागतं.