ताप-गिपचं इंग्रजी

आपण चहा-गिहा, काम-गिम सारखं बोलतो (पुण्याकडं तेच चहाबिहा), पण इंग्रजीत लिहायची वेळ आली की पोरं सरळ शेवटी एटसेट्रा लावून मोकळी होतात आणि तिथंच अर्थ बिघडते.

मी आधी वाक्य कसं आहे ते पाहतो. आग्रह असंल, म्हणजे "चहा-गिहा घ्या", तर टी ऑर समथिंग. पाहुण्यानं सरबत मागितलं तरी चालते, एवढंच त्या गिहात आहे. प्रश्न किंवा नकार असंल तर समथिंग नाही, ऑर एनीथिंग. "कोणी आलं-गिलं होतं का" हे डिड एनीवन कम बाय ऑर एनीथिंग.

मागं शेजारच्या काकूनं काकांसाठी बाहेरच्या डॉक्टरला मेसेज लिहून मागितला, "ताप-गिप नाही, पण कालपासून जेवले-गिवले नाही". पहिल्यात ही हॅज नो फीव्हर ऑर एनीथिंग जमलं असतं. दुसऱ्यात मात्र गिवले म्हणजे दुसरी वस्तू नाहीच, तिथं नुसता जोर आहे, म्हणून ही हॅजन्ट ईटन अ थिंग सिन्स यस्टरडे लिहिलं.

फक्त दवाखाना, कर्ज, पीकविमा असल्या कागदात ऑर एनीथिंग ठेवू नका, बोलणाऱ्यालाच विचारा की गिपमध्ये काय काय धरलं. काकूला विचारलं तर म्हणे थंडी नाही, ओकारी नाही, पण खोकला आहे! मग तिन्ही गोष्टी वेगळ्या लिहिल्या.