फॅकल्टी पेजवरचा बायो लिहिताय? आधी कॅसची फाईल बंद करा, मग या चुका टाळा

विद्यापीठातल्या कुठल्याही विभागाचं फॅकल्टी पेज उघडा, दहातले सात-आठ बायो एकाच साच्यातले निघतात. वर पासपोर्ट साईज फोटो, खाली पदव्या, मग "एकूण अध्यापन अनुभव", मग परिषदांची आणि ओरिएंटेशन-रिफ्रेशरची यादी, आणि शेवटी पंधरावीस कमिट्या. कारण उघड आहे, ऑफिसमधून मेल येतो की नॅक व्हिजिट तोंडावर आलीये, परवापर्यंत प्रोफाईल पाठवा, आणि माणूस हाताशी असलेली प्रमोशनची कॅसची फाईल उघडून त्यातलंच उचलून पाठवतो. सगळा घोळ इथूनच सुरू होतो. कॅसची फाईल ही तपासणाऱ्या समितीसाठी असते, तिथे प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो म्हणून प्रत्येक गोष्ट लिहावी लागते. फॅकल्टी पेजवर येणारा माणूस मात्र पुरावे तपासायला आलेला नसतो, त्याला काहीतरी हवं असतं.

येणारे साधारण तीन प्रकारचे. एक, पुढच्या सेमिस्टरला तुमचा पेपर घ्यायचा की नाही हे बघणारा एम.ए./एम.एस्सी.चा विद्यार्थी. दोन, पेट पास होऊन गाईड शोधणारा. तीन, दुसऱ्या विद्यापीठातला सहकारी, ज्याला थिसिसला परीक्षक हवाय किंवा प्रोजेक्टला जोडीदार हवाय, किंवा सेमिनारमध्ये तुमची ओळख करून द्यायचीये आणि त्यासाठी दोन परिच्छेद कॉपी करायचेत. या तिसऱ्यासाठी म्हणून बायो तृतीयपुरुषी लिहिलेला सोयीचा पडतो. "मी" वापरून लिहिलंत तरी कोणी फासावर देत नाही, पण अर्धा बायो "मी" आणि अर्धा "सरांनी" असला की दोन माणसांनी लिहिल्यासारखा दिसतो, आणि बहुतेक वेळा तसंच झालेलं असतं.

आकडे आहेत, विषयच नाही

ही सगळ्यात मोठी चूक. समजा वनस्पतीशास्त्राच्या एक असोसिएट प्रोफेसर मॅडम आहेत आणि त्यांच्या पेजवर असं लिहिलंय:

"गेली १८ वर्षे अध्यापन कार्यात सक्रिय. एकूण ४२ शोधनिबंध प्रकाशित, पैकी १९ यूजीसी केअर यादीतील. २६ राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय परिषदांत सहभाग. अभ्यास मंडळ सदस्य, आयक्यूएसी सदस्य, परिसर स्वच्छता समिती सदस्य, वार्षिक अंक संपादन समिती सदस्य, पीएच.डी. प्रवेश समन्वयक, माजी एनएसएस कार्यक्रम अधिकारी, इ."

आता यातून सांगा बघू मॅडम नक्की कशावर काम करतात? शैवालावर, बुरशीवर, टिश्यू कल्चरवर? काहीच कळत नाही. ४२ पेपर वाचून विद्यार्थी दबतो आणि सहकारी साशंक होतो, दोघांनाही उपयोग शून्य. शिवाय केअर यादी यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंदच केली, त्यामुळे त्या ओळीवर मिरवण्यासारखं फारसं उरलं नाही, त्यापेक्षा तीन चांगले पेपर जर्नलच्या नावासकट आणि डीओआयच्या लिंकसकट दिले तर समोरचा स्वतः उघडून बघतो आणि स्वतः ठरवतो. त्यातला एक तरी गेल्या दोन-तीन वर्षांतला असावा, नाहीतर काम थांबलंय असा अर्थ निघतो.

शिकवण्याचं काय झालंय तेही बघा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे असोसिएट प्रोफेसरला आठवड्याला १४ तास आणि असिस्टंटला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं असतं, म्हणजे आठवड्यातला केवढा वेळ वर्गात जातो, आणि बायोत त्याला जागा किती तर "अध्यापन कार्यात सक्रिय" एवढीच! कमिट्यांना मात्र तीन ओळी.

तोच बायो मी असा लिहीन:

"डॉ. अमुक सह्याद्रीतल्या कातळसड्यांवरच्या वनस्पतींचा अभ्यास करतात. सड्यावर मातीचा थर जेमतेम काही सेंटीमीटरचा असतो आणि उन्हाळ्यात कातळ तापतो, तरी गेंद आणि सीतेची आसवं यांसारख्या वनस्पती दर पावसाळ्यात पुन्हा कशा उगवतात, त्यांचं बी मधले आठ महिने कसं टिकतं, हा त्यांचा मुख्य प्रश्न आहे. एम.एस्सी.ला त्या वर्गीकरणशास्त्र आणि फील्ड बॉटनी शिकवतात. फील्ड बॉटनीचे निम्मे गुण विद्यार्थ्याने स्वतः केलेल्या नोंदवहीला असतात आणि त्यासाठी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सड्यावर मुक्कामी जावं लागतं. २०२३ पासून त्या विभागाच्या पीएच.डी. प्रवेश समन्वयक आहेत, प्रवेशाच्या अडचणींसाठी त्यांना भेटता येतं. सड्यांवरच्या संशोधनातूनच अभ्यास मंडळाच्या सदस्य म्हणून त्यांनी फील्ड बॉटनीचा नवा पेपर तयार केला."

लांबी जवळपास शंभर शब्द, आणि तिघांचंही काम होतं. पेपर निवडणाऱ्याला कळलं की मुक्काम आहे आणि नोंदवही आहे, ज्याला पावसात चिखल तुडवायचा नाही तो आपणहून दुसरा पेपर घेईल. गाईड शोधणाऱ्याला प्रश्न कळला. सहकाऱ्याला कळलं की बियांच्या सुप्तावस्थेवर थिसिस असेल तर हे नाव परीक्षकांच्या पॅनेलवर चालेल.

कमिट्यांची भेळ

प्रशासकीय काम लपवा असं माझं म्हणणं अजिबात नाही. एचओडीशिप, परीक्षेचं काम, कॅप सेंटर सांभाळणं, यात माणसाची वर्षं जातात आणि ते दिसायलाच हवं. पण चाळणी लावा. माझी चाळणी सोपी आहे: या पदामुळे कोणी तुमच्याकडे काम घेऊन येऊ शकतो का, किंवा त्या पदावर असताना तुमच्या हातून काही ठोस झालं का? दोन्हींचं उत्तर नाही असेल तर ते पद सीव्हीच्या पीडीएफमध्ये जाऊ दे. वरच्या उदाहरणात स्वच्छता समिती आणि वार्षिक अंक तिकडे गेले, प्रवेश समन्वयक राहिलं कारण विद्यार्थ्याला त्या खुर्चीशी काम पडतं, आणि अभ्यास मंडळ राहिलं ते संशोधनाशी जोडून, कारण तो नवा पेपर त्यांच्याच कामातून आलाय. शिकवणं, संशोधन आणि प्रशासन या तिघांचे तीन वेगळे गठ्ठे करण्यापेक्षा असा एखादा खरा सांधा सापडला तर तोल आपोआप साधतो. नसेल सापडत तर ओढूनताणून आणू नका, लगेच कळतं.

आणि हो, जे लोक सध्या एचओडी किंवा डीन आहेत त्यांची उलटी चूक होते, बायोची सुरुवातच पदाने. टर्म संपली, खुर्ची गेली, की पहिलं वाक्यच खोटं ठरतं. पहिलं वाक्य विषयाचं ठेवा, पद नंतर.

"सध्या" हा शब्द

"सध्या विभागप्रमुख", "सध्या चार विद्यार्थी पीएच.डी. करत आहेत". कधीच्या सध्या? पेज २०१९ मध्ये भरलेलं असतं. प्रत्येक "सध्या"च्या जागी "२०२३ पासून" असं साल टाका, म्हणजे बायो जुना झाला तरी खोटा होत नाही.

पीएच.डी.च्या जागांबद्दल तर हे फारच महत्त्वाचं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत एका वेळी प्रोफेसरकडे आठ, असोसिएटकडे सहा आणि असिस्टंटकडे चार विद्यार्थी एवढी मर्यादा आहे, आणि निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी राहिली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. हे पेट दिलेल्या पोरांना बऱ्याचदा माहीतच नसतं, ते सरसकट सगळ्यांना मेल टाकतात, तुम्ही उत्तर देऊन कंटाळता आणि मग उत्तर देणंच बंद करता. त्यापेक्षा एक ओळ टाका: "सहापैकी पाच जागा भरलेल्या आहेत, जानेवारी २०२६ ची स्थिती. मेल करताना एका पानाचा आराखडा जोडावा." निवृत्ती जवळ आली असेल तर "नवीन विद्यार्थी घेत नाही" असं सरळ लिहा, त्यात कमीपणा कसला.

एकाच माणसाची चार नावं

हा आपल्याकडचा खास घोळ. आधी नाव, मग वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, मग आडनाव. एका पेपरवर आडनाव आधी, दुसऱ्यावर फक्त आद्याक्षरं, लग्नाआधीचे पेपर माहेरच्या आडनावाने, थिसिस तिसऱ्याच स्पेलिंगने. परिणाम असा की गूगल स्कॉलरवर तुमचे निम्मे पेपर कुठल्यातरी नामसाधर्म्यवाल्याच्या खात्यात जाऊन पडतात आणि स्कोपसमध्ये तुमचे दोन लेखक होतात. बायोत "४२ पेपर" म्हटलंय आणि शोधणाऱ्याला १७ सापडले, की तो काय समजणार?

इलाज असा की बायोत एकच नाव धरा, ज्या नावाने हल्ली पेपर छापता तेच. ORCID चा सोळा अंकी नंबर लिंकसकट द्या, आणि तिथल्या खात्यात `Also known as` नावाची जागा असते त्यात बाकीची सगळी रूपं भरून ठेवा. जुनं आडनाव पेजवरही एकदा लिहायला हरकत नसेल तर "पूर्वीचे लेखन अमुक नावाने" एवढं पुरतं.

पेजवर आहे पण शोधून सापडत नाही

आता निव्वळ तांत्रिक पण अतिशय कॉमन. मराठी बायो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर श्रीलिपीत किंवा कृतीदेवमध्ये टाईप झालेला असतो, तो तसाच वेबसाईटवर चढतो आणि ज्याच्याकडे तो फॉन्ट नाही त्याला गिचमिड इंग्रजी अक्षरं दिसतात. कधीकधी पेज नीट दिसतं पण आतून गिचमिडच असतं, म्हणून फक्त डोळ्यांनी बघून खात्री करू नका. एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवा. मराठी आली तर युनिकोड आहे, कचरा आला तर परत टाईप करायला लागणार किंवा कन्व्हर्टरमधून काढून जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासायला लागणार.

दुसरा नमुना म्हणजे सही-शिक्क्याचा सीव्ही स्कॅन करून तोच पीडीएफ बायो म्हणून लावणं. तो उघडून कंट्रोल एफ दाबा आणि स्वतःचं आडनाव शोधा. सापडलं नाही तर ते पान म्हणजे नुसता फोटो आहे, तुमचा विषय टाकून शोधणाऱ्याला ते सापडण्याची आशा सोडा. आणि त्याच स्कॅनमध्ये बऱ्याचदा जन्मतारीख, घरचा पत्ता, मोबाईल नंबर, एखाद्यात तर पॅन नंबरसुद्धा असतो, कारण मूळ कागद नोकरीच्या अर्जाचा होता! ते आजच्या आज काढायला सांगा. पेजवर विद्यापीठाचा ईमेल, खोलीचा नंबर आणि भेटायची वेळ एवढंच पुरे.

काढायला सांगताना वेबसाईट बघणाऱ्याला फोनवर तोंडी सांगू नका, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉटही टाकू नका, त्यावरून तो परत टाईप करतो आणि नव्या चुका घुसतात. युनिकोडमधला मजकूर वर्ड फाईलमध्ये, लिंका वेगळ्या ओळींवर, आणि वर एक वाक्य: जुना मजकूर पूर्ण काढून हा टाकावा, जुना पीडीएफ सर्व्हरवरून डिलीट करावा. हे शेवटचं लिहिलं नाहीत तर पेजवरची लिंक तेवढी जाते, फाईल तिथेच राहते, आणि तुमचं नाव सर्च केलं की अजूनही तोच पीडीएफ उघडतो.