फाइव्ह फोर्सेस आणि स्वॉट समजावताना क्लासचं उदाहरण घेताय? मग या चुका टाळा

बीबीए-एमबीएच्या पोरांना स्ट्रॅटेजीचं प्रेझेंटेशन दिलं की निम्मे ग्रुप गल्लीतला ट्युशन क्लास उचलतात. उदाहरण चांगलंच आहे, कारण सगळे त्यातून गेलेत. पण स्लाइड्स उघडल्या की फाइव्ह फोर्सेसचे, म्हणजे स्पर्धक, नवे येणारे, सप्लायर, खरेदीदार आणि पर्याय यांचे, पाच गोल आणि प्रत्येकाची ताकद हाय, मीडियम, लो, आणि पुढच्या स्लाइडवर स्वॉटचे, म्हणजे स्ट्रेंथ, वीकनेस, ऑपॉर्च्युनिटी आणि थ्रेटचे, चार रंगीत चौकोन, बास. मागून कुणी विचारलं की "हाय म्हणजे नक्की काय होणार?" की सगळे एकमेकांकडे बघतात.

माझ्या मामाचा क्लास आहे, आठवी ते दहावी, सेमी इंग्लिश, आणि त्याचे हिशेब मी बरीच वर्षं बघतोय, म्हणून त्याच्यासारखाच एक क्लास घेऊन सांगतो, आकडे सोपे केलेत. १२० मुलं, वर्षाची फी १५,०००, म्हणजे १८ लाख जमा. जागेचं भाडं महिन्याला २०,०००, वर्षाचे २.४ लाख. गणित-सायन्सचे सर ४५,००० घेतात, ५.४ लाख. बाकी दोन मॅडम प्रत्येकी २०,०००, मिळून ४.८ लाख. झेरॉक्स, लाइट बिल, पॅम्प्लेट, फ्लेक्स वगैरे १.४ लाख. मालकाच्या हातात राहिले ४ लाख. हा ४ लाखाचा आकडा डोक्यात ठेवा, पुढे सगळं त्याच्याभोवतीच फिरतं.

पहिली चूक म्हणजे फाइव्ह फोर्सेस "आमच्या क्लासचे" काढणं. मायकेल पोर्टरने १९७९ मध्ये हे मांडलं तेव्हा प्रश्न असा होता की एखाद्या धंद्यात एकूणच नफा का टिकतो किंवा का टिकत नाही. एका दुकानाचा नाही, अख्ख्या धंद्याचा. म्हणजे इथे विषय मामाचा क्लास नाही, तर त्या भागातले आठवी-दहावीचे सगळे क्लास. पोरं एकतर फक्त स्वतःच्या क्लासबद्दल लिहितात नाहीतर थेट "भारतीय शिक्षण क्षेत्र" लिहितात. मुलगा सायकलवर जेवढं लांब जाईल तेवढाच हा बाजार, दोन-तीन किलोमीटर. आणि चूक झालीय का हे कळायला सोपं आहे: स्लाइडवरचं क्लासचं नाव खोडून शेजारच्या क्लासचं टाका, फाइव्ह फोर्सेसची स्लाइड तशीच राहिली पाहिजे आणि स्वॉटची बदलली पाहिजे. उलटं झालं तर दोन्ही स्लाइड्सची अदलाबदल झालीय असं समजा.

आता सगळ्यात जास्त मार्क जिथे जातात तिथे येऊ. सप्लायरच्या गोलात पोरं काय लिहितात? पुस्तकं, खडू, बेंच. अरे, खडूवाल्याने भाव दुप्पट केला तर मामाचं काय बिघडणार आहे? सप्लायर म्हणजे ज्याच्याकडून घेतल्याशिवाय धंदा चालत नाही आणि जो आपला भाव वाढवू शकतो तो, आणि क्लासमध्ये तो माणूस म्हणजे गणिताचे सर. त्यांनी ४५ चे ६० मागितले तर वर्षाला १.८ लाख वाढले, म्हणजे ४ लाखातले जवळजवळ निम्मे गेले, आणि मामाला नाही म्हणता येत नाही कारण पालक क्लासचं नाव बघून नाही तर "तिथे ते गणिताचे सर आहेत ना" असं म्हणून मुलं पाठवतात.

तेच सर उद्या समोरच्या बिल्डिंगमध्ये दोन खोल्या घेऊन बोर्ड लावू शकतात. खर्च किती, तर डिपॉझिट, बेंच, व्हाइट बोर्ड आणि एक फ्लेक्स. जाताना ३० मुलं घेऊन गेले तर ३० गुणिले १५,००० म्हणजे ४.५ लाख गेले, आणि त्यांच्या जागी नवीन सर तर आणावेच लागणार, तेव्हा पगार काही वाचत नाही. ४ लाखाच्या नफ्यातून ४.५ लाख गेले म्हणजे मालक ५०,००० तोट्यात. म्हणजे एकच माणूस सप्लायर पण आहे आणि उद्याचा नवा स्पर्धक पण, दोन्ही गोलात लिहायचा, त्यात चूक काही नाही.

मग हीच पोरं पुढच्या स्लाइडवर स्ट्रेंथमध्ये पहिलं काय लिहितात? "अनुभवी शिक्षकवर्ग". म्हणजे एका स्लाइडवर जो माणूस नफा खाऊ शकतो तोच दुसऱ्या स्लाइडवर ताकद, आणि दोन्हीमध्ये संबंध कुणी जोडत नाही. शिवाय "अनुभवी शिक्षकवर्ग" हे गावातल्या प्रत्येक क्लासच्या फ्लेक्सवर असतं, टॉपर्सच्या फोटोंच्या बरोब्बर वर. जे स्पर्धकालाही लिहिता येतं ती तुमची ताकद नाही. सर एकटेच असतील आणि नोट्स, टेस्ट पेपर सगळं त्यांच्या डोक्यात आणि वहीत असेल, तर ती सरळ वीकनेसमध्ये लिहा: "गणित-सायन्स एका माणसावर अवलंबून". पण दहा वर्षांच्या टेस्ट पेपरचा साठा क्लासच्या मालकीचा असेल, किंवा मामा स्वतः गणित शिकवत असेल, तर ती खरी स्ट्रेंथ.

पालकांच्या बाबतीत एक बारीक गोष्ट सुटते. पैसे देणारा पालक, वापरणारा मुलगा, म्हणून खरेदीदार दोघं मिळून आहेत. आणि त्यांची ताकद वर्षभर सारखी नसते. एप्रिल-जूनमध्ये डेमो लेक्चर फुकट बघतात, सोसायटीतल्या सहा जणी मिळून येतात आणि म्हणतात "सहा मुलं देतो, किती कमी कराल?" तेव्हा ताकद त्यांच्याकडे. डिसेंबरनंतर दहावीच्या मुलाचा क्लास कोण बदलणार? म्हणून नुसतं "हाय" लिहू नका, कधी हाय ते लिहा. पण म्हणून मालक निवांत बसू शकतो असंही नाही, कारण फीचा दुसरा हप्ता पालकांनी तोपर्यंत अडकवून ठेवलेला असतो.

यूट्यूब आणि ॲप स्पर्धकांत टाकू नका, ते पर्याय आहेत, सब्स्टिट्यूट. समोरचा क्लास म्हणजे स्पर्धक. फरक असा की समोरच्याने फी कमी केली तर मुलं तिकडे जातात, यूट्यूबमुळे काहींना क्लासच नको वाटतो. आठवीत हे जास्त, दहावीत कमी, कारण दहावीत पालकांना कुणीतरी रोज बसवून सोडवून घेणारा हवा असतो.

शेवटचं, ऑपॉर्च्युनिटीमध्ये "नवीन ब्रँच उघडणे" लिहू नका. ते तुम्ही करणार आहात, म्हणजे तो प्लॅन झाला. संधी बाहेर असते, जसं की जवळ नवीन सोसायट्या झाल्या आणि तिथे सेमी इंग्लिशचा क्लास नाही. आणि त्या संधीचा हिशेब पण करा. इथे २० मुलं वाढली तर जमा २१ लाख होते, म्हणजे जीएसटीची २० लाखाची मर्यादा ओलांडली, आणि खासगी क्लासच्या फीवर १८ टक्के लागतो. तो पालकांकडून घ्यायचा तर १५,००० चे १७,७०० होतात आणि मर्यादेखालचा समोरचा क्लास अजून १५,००० च सांगतोय. स्वतः सोसायचा तर २१ लाखातले साधारण ३.२ लाख करात जातात, खर्चावर भरलेल्या जीएसटीचा इनपुट क्रेडिट मिळाला तर थोडे कमी. २० मुलं वाढून मिळाले होते ३ लाख.