आजीच्या बियाण्यांची गोष्ट सांगताना हे करून बघा

आजी नातवंडांना बी जपायला शिकवते ही गोष्ट मुलं ऐकतात खरी, पण बी जपायचं म्हणजे नक्की काय करायचं ते त्यांना कळतच नाही. म्हणून गोष्टीतली आजी टोमॅटो कापते तिथेच थांबायचं आणि मुलांनाच करायला लावायचं.

१. पूर्ण पिकलेल्या गावठी टोमॅटोच्या बिया गरासकट ग्लासात पिळायच्या, थोडं पाणी घालून वर फडकं बांधायचं.
२. दोन-तीन दिवस सावलीत ठेवून रोज एकदा ढवळायचं. वास येतो, वर पांढुरका थर येतो, मुलं नाक मुरडतात पण ते तसंच व्हायला हवं, त्यानेच बीवरचं बुळबुळीत आवरण सुटतं.
३. मग ग्लासात आणखी पाणी ओतायचं, भरलेल्या बिया तळाशी बसतात आणि पोचट वर येतात, त्या काढून टाकायच्या. गोष्टीचा पुढचा भाग या दिवशी सांगा.
४. बिया धुऊन ताटलीत सावलीत वाळवा, कागदावर नको, चिकटतात. पाकिटावर वाणाचं नाव आणि तारीख मुलांकडूनच लिहून घ्या.

फक्त टोमॅटो हायब्रीड नको, त्याच्या बियांतून तसंच फळ येईल असं नसतं आणि मग आजी गावठी वाणच का जपते हे मुलांना दाखवताच येत नाही.