लग्न झालं, आता भाडेकरारात जोडीदाराचं नाव कसं घालायचं?

पुण्यात लिव्ह अँड लायसन्सच्या करारांची कामं करताना एक प्रश्न मला हमखास येतो: "लग्न झालंय, करारात नाव वाढवायचंय, कुठे सही करू?" त्यावर मिळणारा सल्ला बहुतेक वेळा एकच असतो: स्टॅम्प पेपर घ्या, नाव लिहा, नोटरी करून टाका. हे करू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 च्या कलम 55 नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदवलेल्या दस्तातला बदल नोंदवलेल्या दस्तानेच होतो. नोटरीचा शिक्का नोंदणीची जागा घेत नाही.

आधी आपला करार काढा आणि वापराचं कलम वाचा. "लिहून घेणार व त्यांचे कुटुंबीय यांच्या राहण्यासाठी" असं लिहिलेलं असेल, तर जोडीदाराला राहायला कोणाचीही हरकत असू शकत नाही. मालकांना कळवणं पुरेसं. "फक्त लिहून घेणार यांनीच राहावे, अन्य कोणास ठेवू नये" असं असेल, तर आधी लेखी संमती आणि मग सामान, हाच क्रम ठेवा.

खराडीतलं एक उदाहरण घेते. वन बीएचके, भाडं 18,000, अनामत 60,000, करार 24 महिन्यांचा. घर "एकट्या नोकरदार महिलेसाठी" दिलेलं, मालक नाशिकला. चौदाव्या महिन्यात भाडेकरू मुलीचं लग्न झालं आणि नवरा साताऱ्याहून राहायला येणार होता. तिने मालकांना एकाच दमात सगळं विचारायचं ठरवलं होतं: नवरा येतोय, नाव घाला, आणि बाथरूमचा नळही बदला. मी तिला थांबवलं. इथे मागण्या दोन आहेत, त्या वेगळ्या ठेवायच्या. एक, त्याला राहायला संमती, जी आज हवी. दोन, करारात नाव, ज्याला महिनाभर लागला तरी चालतं. नळ नंतर.

फोन आधी करा, कारण लग्नाची बातमी मालकांना मेसेजवरून कळणं बरं दिसत नाही. त्याच दिवशी मेसेज किंवा ईमेल पाठवा. तिने पाठवलेला मजकूर असा होता:

"नमस्कार काका, फोनवर बोलल्याप्रमाणे माझं लग्न झालं आहे. पुढच्या महिन्याच्या 1 तारखेपासून माझे पती माझ्यासोबत फ्लॅटमध्ये राहतील. त्यांच्या आधारची प्रत आणि विवाह नोंदणी प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे. भाडं, अनामत आणि मुदत यात काही बदल नाही. आपली संमती असल्याचं कृपया याच मेसेजला उत्तर देऊन कळवावं. करारात त्यांचं नाव घालण्याबद्दल आपल्या सोयीने बोलू. नोंदणीचा खर्च मी करेन."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. मालक टाळाटाळ करतात ती बहुतेकदा खर्च आणि खेपा या दोन गोष्टींमुळे. खर्च तुम्ही उचला. खेपेची भीती तर निराधार आहे, कारण ऑनलाइन नोंदणीत मालक आणि भाडेकरू यांचे अंगठे वेगवेगळ्या ठिकाणी घेता येतात.

आता ठरवा की नाव खरंच घालायचं का. जोडीदाराला फक्त पत्त्याचा पुरावा हवा असेल, तर करार बदलायची गरज नाही. आधारमध्ये कुटुंबप्रमुखाच्या संमतीने पत्ता बदलता येतो. विवाह प्रमाणपत्र आणि कुटुंबप्रमुखाच्या मोबाइलवर येणारा ओटीपी लागतो. मात्र तुमच्या स्वतःच्या आधारवर आधी या घराचा पत्ता असला पाहिजे. कराराचे दोन-तीन महिनेच उरले असतील तर लेखी संमती जपून ठेवा आणि नूतनीकरणाच्या वेळी दोघांची नावं घाला. मधेच नवा करार तेव्हाच करा, जेव्हा मुदत बरीच बाकी आहे आणि तुमची बदली होऊन जोडीदार मागे राहण्याची शक्यता आहे. परवाना हा नावाने दिलेला असतो. ज्याचं नाव आहे तो गेला, की मागे राहणाऱ्याला त्या कागदाचा आधार उरत नाही.

नवा करार करायचा ठरला की खरी कसोटी लागते. या टप्प्यावर मलाही सुरुवातीला फार झगडावं लागलं, कारण नाव घालण्याच्या निमित्ताने सगळा करार पुन्हा उघडतो. एजंट तयार नमुना उघडतो, त्यात आजची तारीख घालतो आणि लॉक-इनचा काळ शून्यापासून सुरू होतो. म्हणजे चौदा महिने राहिलेल्या माणसाला पुन्हा सहा महिने घर सोडता येत नाही. भाडेवाढ, रंगकामाची कपात अशी कलमंही याच वेळी हळूच आत येतात. म्हणून जुना आणि नवा मसुदा शेजारी ठेवून कलमागणिक वाचा. मुदत उरलेलीच ठेवा, इथे 10 महिने. लॉक-इन संपलेलं असेल तर ते कलम काढायला लावा.

अनामतीवर सर्वांत जास्त लक्ष द्या. नव्या करारात नुसतं "अनामत 60,000" लिहिलं, तर हे पैसे कधी आणि कसे दिले याचा मागमूस राहत नाही. उद्या मालकांचा मुलगा व्यवहार बघू लागला की वाद होतो. मी हे वाक्य घालूनच घेते: "दस्त क्रमांक अमुक, दिनांक अमुक अन्वये दिलेली अनामत रक्कम रु. 60,000 या करारात वर्ग केली असून ती मालकांकडे जमा आहे." त्यालाच जोडून, जुना करार दोघांच्या संमतीने कोणत्या तारखेला संपला ते लिहा आणि नवा त्याच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू करा. मधे एक दिवसही रिकामा नको. अनामत कोणाच्या खात्यात परत जाईल तेही लिहा. दोघंही लिहून घेणार झाले की भाड्याची जबाबदारी दोघांवर येते, हे जोडीदाराला सही करण्याआधी सांगा.

नाव आधारवर अंगठ्याच्या दिवशी जसं आहे, अगदी तसंच घाला. लग्नानंतर आडनाव बदलणार असाल तर आधी आधार बदला, नाहीतर माहेरच्या नावानेच नोंदणी करा. प्रमाणपत्रावर एक आणि आधारवर एक अशी सरमिसळ करून अंगठे घ्यायला बसू नका.

खर्च फार नसतो. मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. इथे 10 महिन्यांचं भाडं 1,80,000 आणि अनामतीवर वार्षिक 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज 5,000, मिळून 1,85,000. शुल्क पाचशेच्या आत. शहरात नोंदणी फी 1,000. एजंटचे पैसे वेगळे, ते आधी ठरवा.

नोंदणी झाली की प्रत सोसायटीला द्या आणि पोलिसांकडची भाडेकरू माहिती मालकांकडून नव्याने भरून घ्या. एक माणूस वाढला म्हणून सोसायटी जादा नॉन-ऑक्युपन्सी शुल्क, म्हणजे घर भाड्याने दिल्याबद्दलचं शुल्क, मागू लागली, तर देऊ नका: ते सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि घरात किती जण राहतात याच्याशी त्याचा संबंध नाही. जुना करार मात्र फाडू नका. अनामत दिल्याची मूळ नोंद त्यातच आहे, म्हणून पैसे खात्यात परत येईपर्यंत तो नव्या करारासोबत ठेवा.