बँकेत चालतं, मग बसेत का नाही? इंग्रजी शब्दांना प्रत्यय लावताना या चुका टाळा

नागपुरातल्या कुठल्याही फ्लॅट स्कीमच्या लिफ्टशेजारी एक नोटीस चिकटवलेली असते. मराठी असते, पण निम्मे शब्द इंग्रजी. त्यात गैर काहीच नाही, आपण बोलतोही तसंच. चूक होते ती त्या शब्दांना मराठी शेपूट लावताना. अशा अनेक नोटिसांमधल्या चुका एकत्र करून हा एक नमुना तयार केला आहे:

«सोसायटी च्या सर्व मेंबर्सांना सूचित करण्यात येते की पार्कींग मधे गाडी लावतांना गेट समोर जागा सोडावी. मेंटेनन्स चा चेक बैंक मधे भरून पावती ऑफिसत दाखवावी. बाहेरची गाडी कॅमेरामधे दिसल्यास वॉचमन फाइल मधे नोंद करेल.»

अर्थ सगळ्यांना कळतो. तरी वाचताना दर तिसऱ्या शब्दाला ठेच लागते.

सगळ्यात जास्त ठेचा मधल्या रिकाम्या जागांमुळे लागतात. «सोसायटी च्या», «गेट समोर», «मेंटेनन्स चा». मराठीत विभक्तीचा प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय दोन्ही नामाला चिकटूनच येतात. शब्द इंग्रजीतून आला म्हणून त्याला वेगळी वागणूक नाही. सोसायटीच्या, गेटसमोर, मेंटेनन्सचा. हिंदीत नामानंतरचे का, को, में सुटे लिहितात, आणि नागपुरात दिवसभर दोन्ही भाषा डोळ्यांसमोर असल्याने ही सवय नकळत मराठीत उतरते. दुसरं कारण मोबाईलचा कीबोर्ड. वर सुचवलेला शब्द टिचकी मारून घेतला की तो स्वतःच पुढे एक स्पेस सोडतो. ती मागे जाऊन पुसायचा कंटाळा केला की «ऑफिस ला» तयार. एटीएम, आरटीओ यांसारख्या लघुरूपांनाही हेच लागू: एटीएममध्ये, आरटीओत. दोन म एकापुढे एक आले म्हणून घाबरून तोडू नका. आणि «मधे» बोलताना ठीक आहे, छापील मजकुरात «मध्ये».

आता खरा गुंता. बँकेत म्हणतो, बसेत म्हणत नाही. कोर्टाने म्हणतो, पण मेसेजाने नाही. मग कोणता शब्द वाकवायचा आणि कोणता तसाच ठेवायचा?

मराठीत नामाला प्रत्यय लागण्याआधी त्याचं सामान्यरूप होतं: घर–घराला, भिंत–भिंतीवर, वाट–वाटेत. इंग्रजी शब्द जितका मुरलेला, तितका तो या रिवाजात बसतो. मुरला की नाही हे ओळखायला माझी एक सोपी कसोटी आहे: शब्दाच्या आधी «दोन» लावून पाहा. दोन बँका म्हणता ना? म्हणजे शब्द मराठी अनेकवचन घेतो, म्हणून तो सामान्यरूपही घेणार. अनेकवचन आ-कारान्त (वाटा, बँका, नोटा) तर सामान्यरूप ए-कारान्त: वाटेत, बँकेत, नोटेवर. अनेकवचन ई-कारान्त (भिंती, मोटारी, पेन्सिली) तर सामान्यरूपही ई-कारान्त: भिंतीवर, मोटारीत, पेन्सिलीने. बसचं काय? दोन बस, दोन बसेस, फार तर दोन बसगाड्या. «बसा» किंवा «बशी» कुणी म्हणत नाही. म्हणून बस वाकत नाही: बसला, बसने, बसमध्ये.

एकदा शब्द वाकला की तो सगळ्या प्रत्ययांपुढे वाकतो, हे मात्र विसरलं जातं. «बँकेत» बरोबर लिहिणारा माणूस पुढच्याच ओळीत «बँकमध्ये» किंवा «बँकला» लिहितो. बँकेमध्ये, बँकेला, बँकेचा असंच हवं. नमुन्यातली फाइल याच जातीची. दोन फायली, म्हणून फायलीत. पण हा शब्द अजून उंबऱ्यावर आहे, «फाइलमध्ये» लिहिलं तरी कान टवकारत नाहीत. नोटीस हा हट्टी अपवाद. दोन नोटिसा म्हणतो, म्हणजे कसोटीप्रमाणे «नोटिसेत» यायला हवं, पण वर्तमानपत्रांतून रूढ झालं ते «नोटिशीत». म्हैस–म्हशी होताना स चा श होतो, तसाच इथे झाला आहे.

आ-कारान्त शब्दांवर ही कसोटी फार चांगली चालते. दोन कॅमेरे, दोन सोफे. म्हणून कॅमेऱ्यात, सोफ्यावर. डेटाचं «डेटे» कुणी करत नाही, म्हणून डेटाचा, डेटामध्ये. तेव्हा नोटिशीतलं «कॅमेरामधे» बदलून «कॅमेऱ्यात» करायचं. आणि इथे ऱ्य लिहायचा, र्य नाही. «कॅमेर्यात» लिहिलं तर रफार य च्या डोक्यावर बसतो आणि उच्चार कार्य, सूर्य यांतल्यासारखा जड होतो. टाइप करताना साधा र न घेता खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर J दाबल्यावर र येतो, शिफ्ट धरून दाबला की ऱ.

नपुंसकलिंगी शब्द अर्ध्या वाटेवर असतात. कोर्ट पुरतं आपलं झालंय: कोर्टात, कोर्टाने, कोर्टाचा. सिव्हिल लाइन्समध्ये खंडपीठ असलेल्या शहरात «हायकोर्टमध्ये तारीख आहे» असं म्हणणारा माणूस बाहेरगावचाच वाटेल. ऑफिस मात्र «ऑफिसात» जातं, पण «ऑफिसाचा» होत नाही. ऑफिसचा, ऑफिसला असंच राहतं. याचं कारण त प्रत्ययात आहे. त ला आपल्या आधी स्वर लागतो. ऑफिसच्या शेवटी आपण अ लिहितो, पण तो उच्चारत नाही, त्यामुळे «ऑफिसत» जिभेवर अडतं. एक तर आ घालून ऑफिसात म्हणा, नाहीतर त सोडून ऑफिसमध्ये म्हणा. चा, ला, ने यांना आधी व्यंजन चालतं, म्हणून तिथे शब्द न वाकवताही भागतं. शब्दाच्या शेवटी मुळातच स्वर असेल तर प्रश्नच मिटला: मेट्रोत, सोसायटीत, कंपनीत, फोटोत. मेट्रोने बर्डीला उतरणाऱ्याला «मेट्रोमध्ये» म्हणायची गरज नाही, एक अक्षर वाचतं.

पुल्लिंगी व्यंजनान्त शब्दांपुढे «दोन» ची कसोटी हात टेकते, कारण तिथे अनेकवचन बदलतच नाही: एक देव, दोन देव, एक चेक, दोन चेक. इथे एकवचनात शब्द सहसा तसाच ठेवावा: चेकवर, मेसेजमध्ये, डॉक्टरला. अनेकवचनात मात्र मराठी आं यायला हवा: डॉक्टरांना, ड्रायव्हरांनी, मेंबरांना. «मेंबर्सांना» मध्ये इंग्रजी अनेकवचनाचा स आणि मराठी अनेकवचनाचा आं दोन्ही आले, एकाच डोक्यावर दोन टोप्या. «मेंबर्सना» चालवून घेता येईल, पण मला «मेंबरांना» बरं वाटतं. आणि हो, कुणी बोलताना «मेंबराइले सांग» म्हणालं तर ते अगदी बरोबर आहे. ती वऱ्हाडी आहे, तिचे प्रत्यय वेगळे. नोटिशीत प्रमाण मराठी लिहायची असेल तर ले ऐवजी ला-ना, एवढंच.

ऱ्हस्वदीर्घाचं थोडक्यात. पार्किंग, मीटिंग, बुकिंग यांतला शेवटचा «इंग» नेहमी ऱ्हस्व, «पार्कींग» चूक. जुने मुरलेले शब्द मराठी नियम पाळतात, म्हणजे तिकीट, पोलीस यांत शेवटून दुसरं अक्षर दीर्घ आणि प्रत्यय लागला की ते ऱ्हस्व: तिकिटाचे, पोलिसांना. ऑफिस, बिल, क्रिकेट उच्चाराप्रमाणे ऱ्हस्वच. «लावतांना» मधला अनुस्वार इंग्रजीचा नव्हे, तरी जाता जाता काढून टाका.

राहिला «बैंक». ही हिंदी वर्तनी. हिंदीत ऐ चा उच्चार ॲ कडे झुकतो, म्हणून तिथे बैंक, टैक्स, कैमरा बरोबर. मराठीत आपण ऐ हा अइ असा वाचतो, म्हणून बँक, टॅक्स, कॅमेरा. 1956 पर्यंत हिंदी-मराठी प्रांताची राजधानी असलेल्या गावात दोन्ही पाट्या शेजारी-शेजारी दिसणारच. मजकूर कुठल्या भाषेत आहे ते पाहून वर्तनी निवडायची. ॲ आणि ऑ ही अक्षरं 2009 च्या शासन निर्णयाने राज्याच्या वर्णमालेत रीतसर आली आहेत, तेव्हा ॲडमिशन, ॲम्ब्युलन्स लिहायला संकोच नको.

एवढं करून नोटीस अशी होते:

«सोसायटीच्या सर्व मेंबरांना कळवण्यात येते की पार्किंगमध्ये गाडी लावताना गेटसमोर जागा सोडावी. मेंटेनन्सचा चेक बँकेत भरून पावती ऑफिसात दाखवावी. बाहेरची गाडी कॅमेऱ्यात दिसल्यास वॉचमन फायलीत नोंद करेल.»

एक चूक डोळ्यांना दिसतच नाही. सोसायटीच्या हिशेबाच्या फाइलमध्ये «बँक» शोधता, शब्द समोर दिसतोय आणि कॉम्प्युटर म्हणतो सापडत नाही. कारण बँक दोन प्रकारे टाइप होते:

```
बँक  = ब + ँ (U+0901) + क
बॅंक = ब + ॅ (U+0945) + ं (U+0902) + क
```

बहुतेक फाँटांत दोन्ही सारख्याच दिसतात. पहिल्यात चंद्रबिंदू हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात चंद्र वेगळा आणि अनुस्वार वेगळा. काँग्रेसनगर हेही असंच: ा + ँ किंवा ॉ + ं. ॲ ची तीच गत; काही कीबोर्ड एकसंध ॲ (U+0972) देतात, काही आधी अ आणि मग ॅ. दोघांनी भरलेली यादी एकत्र केली की अक्षरानुक्रम बिघडतो आणि एकच बँक दोन जागी दिसते. शंका आली तर शब्दाच्या शेवटी कर्सर ठेवून बॅकस्पेस दोनदा दाबा. पहिल्यांदा क जाईल. दुसऱ्यांदा फक्त टिंब गेलं आणि चंद्र उरला तर दुसरा प्रकार. दोन्ही एकदम गेले तर पहिला. (काही फोन अख्खं अक्षर एकदम पुसतात, तिथे ही युक्ती चालत नाही, कॉम्प्युटरवर बघा.)

दोन्हींपैकी एक ठरवा आणि शोधा-बदला वापरून सगळीकडे तोच करा. मी चंद्रबिंदूचा प्रकार ठेवतो, कारण बहुतेक लोक शोधताना तोच टाइप करतात. बदल या क्रमाने करा:

```
अॅ  →  ॲ
ॉं  →  ाँ
ॅं  →  ँ
```

शोधाच्या चौकटीत नुसती चिन्हं टाइप केली की काही प्रोग्राम मागे टिंबांचं वर्तुळ दाखवतात. ते वर्तुळ फक्त दिसण्यापुरतं असतं, शोधात येत नाही. चिन्ह बरोबर उतरलं असेल तर काम होतं. तरीही आधी फाइलची प्रत काढून ठेवा, आणि «सगळे बदला» दाबण्यापूर्वी पहिले चार-पाच बदल एकेक करून नजरेखालून घाला.