जे.जे. उड्डाणपुलावरची गाडी मोहम्मद अली रोडवर उतरते तेव्हा: जीपीएसचा माग रस्त्यांवर बसवताना या चुका टाळा

क्रॉफर्ड मार्केटजवळून निघून भायखळ्याकडे गेलेल्या एका टेम्पोचा जीपीएस माग नकाशावर बसवून पाहिला, तेव्हा तो जे.जे. उड्डाणपुलावर चढला, मध्येच खालच्या मोहम्मद अली रोडवर आला आणि पंधरा सेकंदांत पुन्हा पुलावर गेला. सुमारे अडीच किलोमीटरच्या या पुलाला मधे चढउतार नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हे अशक्य होते.

ही चूक प्रत्येक बिंदू सुटा घेऊन जवळच्या रस्त्यावर चिकटवल्याने होते. बिंदूमागे दहा मीटरची चूक सहज असते आणि इथे तर दोन रस्ते जवळजवळ एकावर एक आहेत. समजा, गोंधळातला बिंदू खालच्या रस्त्यापासून ६ मीटर आणि पुलापासून ९ मीटर दूर आहे. जीपीएसची चूक १० मीटर प्रमाण विचलनाची धरली, तर खालच्या रस्त्याचे पारडे पुलाच्या केवळ सव्वापट जड ठरते. आता मागच्या बिंदूपासूनचा प्रवास पाहा. सरळ अंतर ११० मीटर आहे, पण पुलावरून खाली यायचे तर टोकापर्यंत जाऊन, उतरून, उलटे यावे लागते, म्हणजे किमान दोन किलोमीटरचा फेरा. संपूर्ण मागासाठी सर्वांत शक्य वाट शोधणाऱ्या हिडन मार्कोव्ह पद्धतीत सरळ अंतर आणि रस्त्यावरचे अंतर यांतील तफावत जितकी मोठी, तितकी त्या पर्यायाची शक्यता घातांकाने घटते. घटण्याचे परिमाण ३० मीटर धरले, तर जवळपास १९०० मीटरच्या तफावतीने ती व्यवहारात शून्य होते, आणि सव्वापटीचा फायदा कुठल्या कुठे जातो. म्हणून बिंदू नव्हे, तर संपूर्ण माग एकत्र जुळवावा. ओएसआरएम या मार्ग शोधणाऱ्या मुक्त प्रणालीत त्यासाठी `match` सेवा आहे:

```
curl "http://localhost:5000/match/v1/driving/72.8343,18.9500;72.8342,18.9510;72.8341,18.9520?timestamps=1718000000;1718000015;1718000030&radiuses=10;10;10&tidy=true&overview=full"
```

इथे रेखांश आधी आणि अक्षांश नंतर येतो. क्रम उलटा झाला, तर मुंबईचा टेम्पो नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जातो, आणि ही चूक निदान लगेच दिसते तरी.

`radiuses` मात्र गुपचूप घात करतो. त्याचा अर्थ जीपीएसच्या चुकीचे प्रमाण विचलन असा आहे आणि तो न दिल्यास ५ मीटर धरला जातो. दुतर्फा उंच इमारती आणि डोक्यावर पूल असलेल्या रस्त्यावर संदेश भिंतींवर आपटून येतात, तेव्हा ५ मीटर अपुरे पडतात आणि उत्तरातील `tracepoints` मध्ये ठिकठिकाणी `null`, म्हणजे न जुळलेला बिंदू, दिसू लागतो. घाबरून आकडा थेट ५० केला, तर आजूबाजूच्या गल्ल्याही उमेदवार होतात आणि माग त्यांत शिरतो. त्याऐवजी नीट जुळलेल्या काही फेऱ्या निवडून मूळ बिंदू आणि जुळलेला बिंदू यांतील अंतरांचा मध्यक काढावा व त्याला १.४८ ने गुणावे. आलेला आकडा वापरून पुन्हा जुळवावे.

गाडी उभी असतानाचे बिंदू हे दुसरे दुखणे. सिग्नलला थांबलेल्या टेम्पोचे बिंदू थोडे पुढेमागे नाचतात, आणि एकेरी रस्त्यावर आठ मीटर मागे गेलेला बिंदू खरा मानला, तर तिथे पोहोचण्यासाठी अख्ख्या वस्तीला वळसा घालावा लागतो. नकाशावर अचानक उगवलेला असा फेरा दिसला, की आधी तिथली थांबण्याची वेळ तपासावी. मागच्या ठेवलेल्या बिंदूपासून प्रमाण विचलनाच्या दुपटीहून जवळचे बिंदू जुळवणीपूर्वी गाळावेत, मात्र थांब्याची सुरुवात आणि शेवट वेगळे नोंदवून ठेवावेत, कारण पुढे त्यांचीच गरज पडते.

ती गरज अशी. गाडी पुलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेली असेल, तर वरचा आणि खालचा मार्ग जवळपास सारख्याच लांबीचे असतात. तफावतीचा सगळा हिशेब तिथे निरुपयोगी ठरतो आणि निवड दोन-चार मीटरच्या योगायोगावर होते. माझ्या मते जुळवणीतली ही सर्वांत फसवी जागा आहे, कारण रेषा अगदी स्वच्छ दिसते. इथे बाहेरचा पुरावा लागतो. भेंडी बाजारापाशी गाडी तीन मिनिटे उभी राहिली आणि मग बाजूच्या गल्लीत वळली, तर ती खालूनच गेली. केवळ थांबली असेल, तर पुलावरची कोंडीही शक्य आहे. दुचाकींना या पुलावर बंदी असल्याने त्यांचे माग मोटारीच्या प्रोफाइलने जुळवणे हीच मुळात चूक आहे. त्यांच्यासाठी पूल वगळणारे वेगळे प्रोफाइल बनवावे. उत्तरातील `alternatives_count` शून्याहून मोठा असेल, तर त्या बिंदूला दुसरा संभाव्य पर्याय होता, असे समजावे. पुरावा नसलेल्या अशा फेऱ्यांना आम्ही ‘वर की खाली अनिश्चित’ अशी खूण करतो आणि दोन्ही मार्गांच्या सरासरी वेगाच्या हिशेबातून त्या वगळतो.